चांगल्या कानाने दिलेली ऑडिओमेट्री

ऐकणं मोजणारी तपासणी, म्हणजे ऑडिओमेट्री, नॉर्मल आली म्हणून कान नॉर्मल आहे, असं मला सात महिने सांगण्यात आलं. शेवटी निघाला आतल्या कानाचा, चक्कर आणणारा मेनिएरचा आजार. त्या सात महिन्यांचा राग अजून गेलेला नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

माझी तक्रार अशी: आधी डाव्या कानाला दडा बसायचा, जसा घाटात गाडी चढताना बसतो तसा. मग त्या कानात शंख कानाला लावल्यासारखा घूं आवाज आणि अर्ध्या-पाऊण तासात खोली गरगर फिरायला लागायची. उलट्या. दोन-तीन तासांनी फिरणं थांबायचं, पण कान दुसऱ्या दिवशीपर्यंत बहिरटच. नंतर तोही मोकळा. पुढचे तीन आठवडे काही नाही.

एका मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत ऑडिओमेट्री लिहून मिळाली. खिडकीवरच्या माणसाने वही उलटवली आणि म्हणाला, "सोळा दिवसांनी या जी." सोळा दिवसांनी माझा कान ठणठणीत होता. रिपोर्टमध्ये दोन्ही कान सारखे, 15 ते 20 डेसिबलवर, म्हणजे नॉर्मल; आकडा जितका मोठा तितकं ऐकणं कमी. निदान: मानेचा स्पाँडिलोसिस. हातात पट्टा.

अडचण नेमकी इथे आहे. हा आजार मेनिएरचा. आतल्या कानात दोन वेगवेगळे द्रव असतात, मधे पातळ पडदा. आतला द्रव वाढला की पडदा फुगतो. शंखासारख्या वळ्यांच्या कॉक्लियात तो सहसा टोकाकडे आधी फुगतो आणि टोक ऐकतं खालच्या पट्टीचे आवाज: पंख्याची घरघर, बसचं इंजिन, पुरुषांचा आवाज. म्हणून झटक्याच्या दिवशी चिमणी ऐकू येते, सासरे काय म्हणाले ते कळत नाही. सुरुवातीच्या काळात फुगवटा ओसरला की ऐकणं परत येतं. पक्क्या निदानाला 20 मिनिटं ते 12 तास टिकणारे किमान दोन झटके लागतात आणि खालच्या-मधल्या पट्टीतली घट निदान एकदा तरी ऑडिओमेट्रीत पकडलेली असावी लागते. ती झटक्याआधी, झटक्यात किंवा नंतर केव्हाही पकडली तरी चालते. सोळा दिवसांच्या रांगेत ती पकडली जाण्याची शक्यता किती, ते सांगायला नको.

दुसऱ्या वेळी मी हट्टाने झटक्याच्या दुसऱ्या सकाळी गेले. रडून, भांडून तपासणी करून घेतली. आता घट दिसली, तर नवीच भानगड: "मधल्या कानात पाणी आहे, ऐकू येत नाही ते त्यामुळे." नाकात फवारा, गोळ्या, गरम पाण्याची वाफ. चूक कुठे झाली ते कळायला मला आणखी दोन महिने लागले. हेडफोन लावून केलेली तपासणी हवेतून ऐकणं मोजते. कानामागे हाडावर कंपक ठेवून केलेली तपासणी आतल्या कानाचं बळ मोजते. पण हाडातून आवाज दोन्ही कानांना जवळजवळ सारखाच पोचतो. डाव्या कानामागे कंपक ठेवला तरी ऐकत होता माझा धडधाकट उजवा कान. म्हणून तपासणीच्या वेळी चांगल्या कानात सुसाट आवाज सोडून त्याला गुंतवून ठेवावं लागतं. याला मास्किंग म्हणतात. ते झालं नाही, तर कागदावर आतला कान चांगला आणि हवेतला रस्ता बंद असं खोटं चित्र उमटतं. हवेचा दाब बदलून कानाचा पडदा किती हलतो ते मोजणारा टिम्पॅनोग्राम केला असता तर गफलत तेव्हाच दिसली असती, कारण मधल्या कानात पाणी असेल तर त्याचा आलेख सपाट येतो. माझा नंतर केला, तो अगदी उंच टोकाचा, ए प्रकारचा, म्हणजे नॉर्मल निघाला.

तिसऱ्या वेळी नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका लहानशा ऑडिओलॉजी सेंटरला आधीच फोन करून ठेवला होता: झटका आला की दुसऱ्या दिवशी येऊ का? बाई म्हणाल्या, "ये ना, दहाच्या आत ये." मास्किंगसह हाडाचे आकडे आले ते असे. 500 हर्ट्झला डावा 50, उजवा 10. 1000 ला डावा 45, उजवा 10. 4000 ला दोन्ही 20 च्या आसपास. दोन लागोपाठच्या पट्ट्यांवर 30 पेक्षा जास्त फरक, दोन्ही 2000 च्या खाली. बास, पक्क्या निदानाला इतकंच हवं होतं. त्यानंतर कॉन्ट्रास्ट देऊन कानाच्या नसेचा एमआरआय झाला, कारण एका बाजूचं ऐकणं कमी असेल तर नसेवरची गाठ नाही ना, हे बघावं लागतं. तो साफ आला.

मधेच आठवलं: झटक्याचा अंदाज यायला मोबाइलची रिंग दोन्ही कानांना आळीपाळीने लावून बघा. माझ्या डाव्या कानात तीच रिंग पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी फाटकी वाटायची. हे निदान नव्हे, फक्त सेंटरला फोन करायची खूण.

उपचाराबाबत थोडक्यात, कारण तिथे मला कोणी अडवलं नाही. झटक्यात प्रोक्लोरपेराझिनसारखी गोळी, तीही दोन-तीन दिवसच. रोज घेत राहिलं तर मेंदूचं तोल सावरणं मंदावतं. बिटाहिस्टिन मीही घेते, पण 2016 च्या 221 रुग्णांच्या चाचणीत नऊ महिन्यांत ते नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. दिखाऊ गोळी, कमी डोस आणि जास्त डोस, अशा तिन्ही गटांत झटके कमी झाले. त्यामुळे आराम पडला की श्रेय कोणाला द्यावं, हे सांगता येत नाही. मिठाचा पुरावाही भक्कम नाही, तरी प्रयत्न स्वस्त आहे. दिवसाला 1500 ते 2000 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एका सपाट चहाच्या चमच्यापेक्षा थोडं कमीच मीठ, त्यातच पापड, लोणचं, कुरड्या आणि तर्री पोह्यांवरचा चिवडा आला. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर नागपूरच्या मे महिन्यात जपा. 45 अंशांत घाम गाळून वर मीठ तोडलं की उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते आणि ती मेनिएरची समजली जाते. सोडियम-पोटॅशियम तपासून घ्या.

एवढ्यानंही झटके थांबले नाहीत, तर कानाच्या बाहेरच्या पडद्यातून मधल्या कानात स्टेरॉइडचं इंजेक्शन, आणि पुढे जेंटामायसिन. जेंटामायसिन तोलाच्या पेशी मारून चक्कर शमवतं, पण ऐकणंही घालवू शकतं. म्हणून दुसरा कान चांगला आहे ना, हे आधी बघतात.

पलंगावर कूस बदलताना काही सेकंद गरगरतं आणि कान नीट असतो, तर तो वेगळा आजार, त्याला गोळी नाही, डोकं फिरवण्याच्या कवायती लागतात. चक्करसोबत बोलणं अडखळलं, एकाची दोन दिसली किंवा हातपाय लुळा पडला, तर ऑडिओमेट्रीचा विचार सोडून थेट कॅज्युअल्टी गाठा. एका कानाचं ऐकणं अचानक गेलं आणि परत आलं नाही, तर स्टेरॉइड लवकर सुरू व्हावं लागतं, तेव्हाही रांगेत बसू नका.

आणि रिपोर्टवर तपासणीची तारीख असतेच. त्याखाली शेवटचा झटका किती वाजता सुरू झाला, किती वेळ टिकला आणि त्या क्षणी दडा होता का, हे पेनाने लिहून घ्या. हाडाच्या तपासणीत मास्किंग केलं का, हेही तिथंच विचारा. फाइल दुसऱ्या डॉक्टरकडे गेली की त्यांना आधी तेच हवं असतं.