पीपीटीतलं झालेलं काम पुन्हा उघडायचं

“आमच्याकडे मॉक ड्रिलची पीपीटी तयार आहे. तिचं टेबलटॉप स्क्रिप्ट कसं करायचं?”

टेबलटॉप म्हणजे प्रत्यक्ष धावपळ न करता टेबलाभोवती बसून, प्रसंग ऐकून निर्णय घ्यायचा सराव. त्यासाठी आधी पीपीटीतली काम उरकून टाकणारी वाक्यं शोधा. पारोळ्याकडचं एखादं दूध शीतकरण केंद्र घ्या, अमोनियाची गळती घ्या. स्लाइड म्हणते, ‘सायरन वाजतो, सर्वजण पूर्वेच्या गेटवर जमतात.’ हे जसंच्या तसं वाचून दाखवलं तर टेबलावरच्यांना ठरवायला काहीच उरत नाही. पावसाळ्यात खानदेशात वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, म्हणजे पूर्वेचं गेट नेमकं वायूच्या वाटेवर. स्क्रिप्टचा पहिला प्रसंग इथेच आहे.

पहिली सूचना एवढीच द्या: ‘१०:४०. कॉम्प्रेसर रूममधून ऑपरेटरचा फोन. उग्र वास, डोळे चुरचुरतात, गळती कुठे ते दिसत नाही.’ वाऱ्याचा उल्लेख करू नका. कुणी विचारलं तरच सराव चालवणाऱ्या संचालकाने सांगायचं, ‘वारा पश्चिमेकडून आहे.’ वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर पडून मग वाऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे इथे पश्चिमेला, जमायचं. हा निर्णय त्यांच्याच तोंडून यायला हवा.

दुसरी सूचना दहा मिनिटांनी: ‘हजेरीत ४६, जमलेले ४३.’ दुधाच्या गाड्यांचे दोन ड्रायव्हर हजेरीत नसतात, पण आवारात असतात. हे फक्त गेटवरच्या वॉचमनच्या कार्डावर लिहा. भूमिकेच्या कार्डावर पद लिहून भागत नाही, त्या माणसालाच ठाऊक असलेली एक गोष्ट त्यावर हवी. नाहीतर सगळी उत्तरं मॅनेजरच देतो. म्हणून मॅनेजरच्या कार्डावर लिहा: ‘तुम्ही जळगावला मीटिंगमध्ये आहात, तिसऱ्या सूचनेनंतरच फोन लागेल.’

तिसरी सूचना शेजारच्या शाळेची: ‘मुख्याध्यापक विचारतात, मुलांना घरी सोडू का?’ वायूचा ढग तिकडेच सरकत असेल तर मुलांना बाहेर काढणं धोक्याचं. दारं-खिडक्या लावून आतच ठेवलेलं बरं. चौथ्या सूचनेत अग्निशमन दल येतं आणि विचारतं, ‘अमोनिया किती आहे, कोणता व्हॉल्व्ह बंद केला?’ इथे एक चूक हमखास होते. कुणीतरी म्हणतं, पाणी मारा. हवेतल्या वायूवर पाण्याचा फवारा चालतो, कारण अमोनिया पाण्यात विरघळतो. पण जमिनीवर साचलेल्या द्रव अमोनियावर पाणी पडलं की तो आणखी जोरात उकळतो. ‘पाणी कशावर?’ हा प्रश्न त्यामुळे सराव पाहून टिपणं घेणाऱ्या निरीक्षकाच्या कागदावर ठेवाच.

नव्वद मिनिटांना चार सूचना पुरतात. जास्त घातल्या की लोक ठरवायचं सोडून धावत सुटतात, आणि शेवटची २५ मिनिटं चर्चेला राखायची असतात ती आधीच संपतात.

निरीक्षकाला ‘समन्वय चांगला होता का?’ असं विचारू नका. उत्तर ‘होय’ येतं आणि कागद कोरा राहतो. त्याला मिनिट आणि शब्द टिपायला लावा: वाऱ्याची दिशा कुणी विचारली, सायरनच्या आधी की नंतर? ११२ ला फोन कुणी लावला, आणि ‘अमोनिया’ हा शब्द तो फोनवर बोलला का? ड्रायव्हरांची आठवण कितव्या मिनिटाला झाली? चर्चा या टिपणांवरूनच सुरू करा. आणि गेटच्या स्लाइडवर दुसरं जमायचं ठिकाण लिहिल्याशिवाय ती पीपीटी पुन्हा कपाटात ठेवू नका.