चवथीच्या दुसऱ्या दिवशी, टॅबवरून टॅली

२० सप्टेंबर २०२३, बुधवार. आदल्या दिवशी गणपती बसला होता आणि संध्याकाळी दीड दिवसाचं विसर्जन. मी सत्तरी तालुक्यातल्या आमच्या मूळ घरी होतो. गोव्यात चवथीला मूळ घर सोडून दुसरीकडे राहायचा प्रश्नच येत नाही. पण जीएसटीचं ३बी रिटर्न भरायची मासिक तारीखही वीसच. फोंड्यातल्या माझ्या एका अशिलाचं, हार्डवेअरच्या दुकानाचं, ऑगस्टचं रिटर्न राहिलं होतं. त्यांच्या एका पुरवठादाराचं बिल उशिरा हातात आलं होतं, म्हणून.

मी लॅपटॉप सोबत नेला होता, पण सकाळी त्याचा चार्जर गेला. वाळपईची दुकानं सणाची बंद. हाताशी दहा इंची टॅब आणि मोबाइलचं हॉटस्पॉट, तेही सोप्यावर बसलं तरच. माऊस नाही, कीबोर्ड नाही. ऑफिसचा पीसी मात्र फोंड्यात चालू ठेवला होता आणि व्हीपीएन जोडून त्यात रिमोट डेस्कटॉपने शिरण्याची सोय मी आधीच करून ठेवली होती. लॅपटॉपवरून ती रोज वापरतो. टॅबवरून तोवर कधी काम केलं नव्हतं.

पहिला अर्धा तास वाया गेला. ऑफिसचा पडदा १९२०×१०८० चा, तो तसाच टॅबवर उतरला. टॅबचा पडदा जेमतेम पावणेबावीस सेंटीमीटर रुंद. म्हणजे ऑफिसच्या पडद्यावर सोळा पिक्सेलचं एखादं चिन्ह असेल, तर टॅबवर ते दोन मिलिमीटरही भरत नाही. बोटाचं टोक काचेवर टेकतं तेव्हा त्याच्या तीन-चारपट जागा व्यापतं. शिवाय जिथे दाबायचं तीच जागा बोटाखाली झाकली जाते. मी एक ओळ उघडायला जायचो आणि तिच्या खालची उघडायची. चिमटीने झूम केलं की चिन्हं मोठी व्हायची, पण अर्धा पडदा बाहेर जायचा आणि सारखं सरकवत बसावं लागायचं.

दोन गोष्टींनी काम मार्गी लागलं. जोडणी तोडून रिमोट डेस्कटॉप ॲपच्या सेटिंगमध्ये त्या पीसीसाठी रिझोल्यूशन १२८०×८०० केलं. पीसीनेच मग सगळं मोठं करून पाठवलं आणि झूमची गरज बरीच कमी झाली. दुसरी गोष्ट जास्त मोलाची. वरच्या पट्टीतून ‘टच’ बदलून ‘माऊस पॉइंटर’ मोड घेतला. त्यात टॅबची अख्खी काच लॅपटॉपच्या टचपॅडसारखी वागते. बाण पडद्यावर एकीकडे, बोट दुसरीकडे. बोट सरकवलं की बाण सरकतो, आणि काचेवर कुठेही एकदा टिचकी मारली तरी क्लिक बाणाच्या टोकावरच होतं. दोन बोटांची टिचकी म्हणजे राइट क्लिक, दोन बोटं वर-खाली ओढली की माऊसचं चाक. काही ओढून न्यायचं असेल तर दोनदा टिचकी मारायची, दुसऱ्यांदा बोट न उचलता तसंच सरकवायचं. बोट लक्ष्यावर नसल्यामुळे आपण कशावर क्लिक करतोय ते दिसतं. बारीक कामाला मला हाच मोड बरा वाटतो. टच मोड मोठी बटणं आणि नुसतं वाचन यांच्यासाठी ठीक आहे.

खरेदीच्या नोंदी ऑफिसच्या पीसीवर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये होत्या. पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी, म्हणजे २बी, मी टॅबच्याच ब्राउझरमध्ये उघडली. त्यासाठी ऑफिसचा पीसी कशाला हवा? ताळा घेतला तर उशिरा आलेलं तेच बिल अडलं. बिलावर आणि २बीत करपात्र रक्कम १,२४,०००, आमच्या नोंदीत १,४२,०००. आकडे उलटे पडले होते. १८ टक्क्यांनी खरेदीवरच्या कराचं क्रेडिट २२,३२० यायला हवं, ते २५,५६० दिसत होतं. ३,२४० रुपये जादा क्रेडिट घेऊन रिटर्न गेलं असतं, तर पुढे ते व्याजासकट परत करायची वेळ आली असती.

त्या बिलाची टॅलीतली नोंद, म्हणजे व्हाउचर, उघडून रक्कम दुरुस्त केली. टॅली ही बोटांपेक्षा कीबोर्डची, त्यामुळे इथे ऑनस्क्रीन कीबोर्ड लागतोच, आणि तो पडद्याचा खालचा अर्धा भाग गिळतो. नेमका तिथेच उजव्या कोपऱ्यात टॅली `Accept ?` विचारते. म्हणून Enter मारत शेवटपर्यंत जाण्यापेक्षा Ctrl + A चांगलं, त्याने न विचारता सेव्ह होतं. Ctrl, Alt, Esc आणि F1 ते F12 या की ॲपच्या वेगळ्या पॅनेलमध्ये असतात. दोन बोटांनी दोन की एकदम दाबता येत नाहीत, म्हणून तिथे Ctrl किंवा Alt एकदा दाबली की ती ‘दाबलेली’ राहते आणि पुढची की येईपर्यंत सुटत नाही.

नोंदीचा शेरा लिहायच्या रकान्यावर, नॅरेशनवर, आलो. आधीचं नॅरेशन परत आणायला Alt लागते म्हणून ती दाबली. इतक्यात काकी नेवऱ्यांचं ताट घेऊन आली.

“आधी हे खा रे, मग काय ते टिकटिक कर.”

एक नेवरी खाल्ली, तुपाची बोटं नीट पुसली, कारण तूप लागलं की टॅबला टिचकी कळत नाही. परत बसलो तेव्हा वाटलं, जुनं नॅरेशन नको, दुरुस्तीचं कारणच लिहावं. अक्षरांचा कीबोर्ड आणला आणि ‘delivery’ टाइप करायला घेतलं. नजर अक्षरांवर. ‘r’ पर्यंत आलो आणि वर पाहिलं, तर नॅरेशनचा रकाना रिकामा. एकही अक्षर उमटलं नव्हतं.

हात आखडला. रेंज गेली असेल असं आधी वाटलं, पण बाण तर हलत होता. कीबोर्ड खाली सरकवला, आणि त्याच्यामागे झाकलेला प्रश्न समोर आला:

`Delete ? Yes or No`

दाबून ठेवलेली Alt सुटलेलीच नव्हती. पॅनेल बदलल्यामुळे तिचा उजळलेला रंगही दिसत नव्हता. पहिलं ‘d’ गेलं ते Alt + D म्हणून, आणि टॅलीत त्याचा अर्थ व्हाउचर डिलीट. पुढची अक्षरं त्या प्रश्नाने ऐकूनही घेतली नाहीत. पण शब्दाचं शेवटचं अक्षर ‘y’ होतं, आणि तिथे ‘y’ म्हणजे होय.

‘N’ दाबलं. Alt च्या पॅनेलवर जाऊन ती विझली आहे ना ते पाहिलं. मग नॅरेशनमध्ये फक्त एक अक्षर टाइप केलं, कीबोर्ड खाली घेतला, अक्षर उमटलेलं पाहिलं आणि मगच बाकीचं लिहिलं. Ctrl + A. डे बुकमध्ये व्हाउचर जागच्या जागी, १,२४,०००.

पुढचं सोपं होतं. दुकानाच्या शेटना फोन केला. त्यांच्याकडेही आरतीची गडबड.

“शेट, ओटीपी येईल, सांगाल?”

“सांगतो, पण लवकर हां, भटजी आलेत.”

सव्वाचारला रिटर्न गेलं, पोचक्रमांक मिळाला.

एक काम उरलं होतं. ॲपच्या वरच्या फुलीने फक्त जोडणी तुटते, सेशन पीसीवर तसंच चालू राहतं, त्यात अशिलाचा हिशेब उघडा. म्हणून टॅली बंद केली, Win + R दाबून ‘रन’ उघडलं आणि टाइप केलं:

```
logoff
```

या वेळी प्रत्येक अक्षर उमटताना पाहिलं. पडदा काळा झाला, टॅबवर पीसींची यादी परत आली. अंगणात पोरांनी झांजा सुरू केल्या होत्या. गणपतीवर टांगलेल्या माटोळीतली फळं उतरवायला काकांना माणूस हवा होता.