सार्डिस : सिकंदराने न लढता घेतलेलं शहर आणि तिथली हरवलेली भाषा

तुर्कस्तानला जाणारे आपले बहुतेक लोक इस्तंबूल, कप्पाडोकिया, पामुक्काले आणि फार तर एफेसस करून परत येतात. मला मात्र सार्डिसला जायचंच होतं, कारण सिकंदराच्या मोहिमेबद्दल जितकं वाचलं त्यात लढायाच लढाया, आणि मला बघायचं होतं की लढाई संपल्यावर एका चालत्या-बोलत्या शहराचं काय होतं, तिथले लोक ग्रीक कसे काय बोलायला लागतात. इझमीरहून पूर्वेला साधारण 90 किलोमीटरवर सार्त नावाचं गाव आहे, सालिहलीच्या बसमध्ये बसायचं आणि हायवेलाच उतरायचं. आजूबाजूला सगळे द्राक्षांचे मळे, दक्षिणेला बोझदाग डोंगर, आणि गावातून वाहणारा एक छोटासा ओढा. हाच तो पाक्टोलस, ज्याच्या वाळूत सोनं सापडायचं आणि ज्याच्या जोरावर क्रीसस राजा श्रीमंत झाला.

सार्डिस ही लिडियन लोकांची राजधानी. हे लोक ग्रीक नव्हते, त्यांची भाषा वेगळी, लिपीसुद्धा स्वतःची. इराणच्या सायरसने इ.स.पूर्व 546 च्या सुमारास शहर जिंकलं आणि पुढची 200 वर्षं इथे इराणी क्षत्रप, म्हणजे सुभेदार, बसत होता. पण गंमत बघा, या 200 वर्षांत लिडियन भाषा मेली नाही, उलट आज आपल्याकडे असलेले बहुतेक लिडियन शिलालेख इराणी राजवटीतलेच आहेत. इराण्यांचा कारभार अरमाइकमध्ये चालायचा आणि लोक घरात, देवळात काय बोलतात याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

मग इ.स.पूर्व 334 मध्ये मॅसिडोनियाचा हा पोरगा आला, वय जेमतेम 21-22. ग्रॅनिकस नदीवर इराणी क्षत्रपांच्या फौजेला हरवून तो सरळ दक्षिणेला सार्डिसकडे निघाला. शहरापासून अजून 12-13 किलोमीटर लांब असतानाच किल्ल्याचा इराणी अधिकारी मिथ्रेनीस आणि शहरातली बडी मंडळी समोर आली आणि किल्ला, खजिना सगळं त्याच्या हवाली केलं. गावातून वर बघितलं की हे किती मोठं होतं ते कळतं, कारण तो किल्ला म्हणजे मातीचा उभा सुळका आहे, चढताना पायाखालची माती घसरते, वर तेव्हा तिहेरी तटबंदी होती आणि वेढा घालावा लागला असता तर महिनोन्महिने गेले असते. मिथ्रेनीसला सिकंदराने मानाने जवळ ठेवलं आणि पुढे आर्मेनियाचा क्षत्रप केलं.

त्यानंतर त्याने जे केलं ते मला लढाईपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. लिडियन लोकांना त्यांचे जुने कायदे पाळायची मुभा दिली आणि ते स्वतंत्र आहेत असं जाहीर केलं. पण त्याच वेळी किल्ल्यावर पॉसॅनियस, करवसुलीला निकियास आणि प्रांतावर असांड्रोस अशी आपली माणसं बसवली, म्हणजे फौज, पैसा आणि कारभार तिन्ही वेगवेगळ्या हातात, एकाच माणसाकडे सगळं नाही. कायदे लिडियन राहिले, पण कर भरायला किंवा तक्रार घेऊन जायचं ते ग्रीक बोलणाऱ्या साहेबाकडे. मला तरी वाटतं भाषा तिथूनच पालटायला लागली, कोणी हुकूम काढला नाही, कोणी शाळा काढल्या नाहीत.

देवळाकडे चालत गेलो. आर्टेमिसचं देऊळ, जवळपास 100 मीटर लांब, सिकंदरानंतर इथे राज्य करणाऱ्या सेल्युसिड राजांच्या काळात सुरू झालं आणि कधीच पुरं झालं नाही. दोन खांब अजून पूर्ण उंचीचे उभे आहेत, मागे तो लालसर सुळका, मी कितीतरी वेळ नुसता बघत बसलो होतो. याच देवळाच्या जागेवर लिडियन आणि ग्रीक अशा दोन भाषांतला एक जोडलेख सापडलाय, एका नान्नास नावाच्या माणसाने देवीला दान दिलंय. लिडियनमध्ये त्याच्या बापाचं नाव बाकिवास आणि ग्रीकमध्ये तोच बाप डायोनिसिक्लीस! 'बाकी' नावाचा लिडियन लोकांचा देव म्हणजेच ग्रीकांचा डायोनिसस, म्हणून बापाचं नाव चक्क भाषांतर करून घातलं. लेख इ.स.पूर्व चौथ्या शतकातला आहे, म्हणजे या घरात दोन्ही नावं एकाच वेळी चालू होती.

आणि मग देवळाच्या आतल्या भिंतीवर कोरलेला म्नेसिमाकसचा करार. या माणसाला सिकंदराचा सरदार अँटिगोनस याने जहागीर दिली होती, त्याने देवळाच्या खजिन्यातून 1325 सोन्याची नाणी कर्जाऊ घेतली आणि फेडता येईना, म्हणून ती जहागीर देवीच्या नावे केली. करार पूर्ण ग्रीकमध्ये, अगदी वकिली ग्रीक. पण त्यातली गावं बघा: तोबालमौरा, तांडोस, कोंब्दिलिपिया. एक पण नाव ग्रीक नाही! तोबालमौरा आणि त्याच्या जोडीच्या वाड्यांवर वर्षाला 50 सोन्याची नाणी कर होता, आणि तिथे राहणारे शेतकरीसुद्धा जमिनीबरोबरच मोजलेत. म्हणजे ग्रीक वरून खाली आली, कागदपत्रं आधी, देऊळ आणि बाजार नंतर, आणि शेतावरचा माणूस सगळ्यात शेवटी.

शहर ग्रीक कधी झालं याचं उत्तर मला अजून एका लेखात मिळालं. इ.स.पूर्व 213 मध्ये सेल्युसिड राजा अँटिओकस तिसरा याने बंडखोर अकायसकडून सार्डिस परत घेतलं, शहराची खूप नासधूस झाली होती. त्यानंतर त्याने शहराला पत्रं पाठवली, ती दगडावर कोरलेली आहेत. पुन्हा बांधकाम करायला जंगलातलं लाकूड तोडायची परवानगी, वाढवलेला कर माफ, आणि काढून घेतलेला जिम्नॅशियम परत. जिम्नॅशियम म्हणजे आपली तालीम अधिक शाळा अधिक कट्टा, तिथे तरुण मुलं व्यायाम करायची, शिकायची आणि पुढे नागरिक म्हणून सभेत बसायची. उद्ध्वस्त शहराला राजाकडून जिम्नॅशियम हवा होता, यावरून कळतं की 120 वर्षांत ही लोकं स्वतःला कोण समजायला लागली होती. (आज हायवेच्या बाजूला जो भव्य जिम्नॅशियम उभा दिसतो तो रोमन काळातला आहे, दोन्हीत गल्लत करू नका.)

हे लोण पुढे कुठवर गेलं हे सांगायला आपल्याला लांब जायला नको, 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला सापडलेल्या शक राजा नहपानाच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरं आहेत, लिहिलंय मात्र प्राकृत.

लिडियन शिलालेख इ.स.पूर्व 300 च्या आसपास जवळजवळ थांबतात. पण लिहायचं थांबलं म्हणून बोलायचं लगेच थांबत नाही, खेड्यांत ती भाषा नक्कीच बरीच टिकली असणार. इसवी सनाच्या सुरुवातीला ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो मात्र स्पष्ट लिहितो की लिडियात लिडियन भाषेचा मागमूस उरलेला नाही, ती फक्त दक्षिणेला किबिरा नावाच्या डोंगराळ गावात बोलली जाते. साडेतीनशे वर्षं लागली, आणि यातली 11 च वर्षं सिकंदर जिवंत होता. बाकी सगळं काम त्याच्या सरदारांनी, कारकुनांनी आणि नावं बदलून घेणाऱ्या नान्नाससारख्या घरांनी केलं.

जायचं असेल तर सकाळी आधी देऊळ करा, ते हायवेपासून साधारण किलोमीटरभर आत आहे आणि रस्त्याला सावली कमी आहे. किल्ला चढायचा असेल तर चांगले बूट आणि पाणी घ्या, पावसानंतर अजिबात चढू नका.