झेलममधले दोन सोबती: ‘रणांगण’ आणि ‘बटाट्याची चाळ’

पुण्याहून जम्मूला झेलम एक्स्प्रेसने जायचं म्हणजे दोन रात्री आणि मधला एक अख्खा दिवस गाडीत. विमानाने का नाही गेलीस, असं घरी-दारी सगळ्यांनी विचारलं. खरं कारण तिकिटाचं होतं, पण उत्तर मी पुस्तकांचं दिलं आणि मग ते पाळावंही लागलं.

बरोबर दोनच पुस्तकं घेतली. विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ (१९३९) आणि पुलंचं ‘बटाट्याची चाळ’ (१९५८). एक जीवाला घोर लावणारं, दुसरं हसवणारं. पण जोडी जमली ती एवढ्यावर नाही. ‘रणांगण’मध्ये युरोपातून मुंबईकडे येणारी बोट आहे, हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन निघालेले ज्यू आहेत, आणि लक्षात ठेवायची माणसं मोजकीच. ‘चाळी’त नुसता गलका. सोकाजी त्रिलोकेकर, कोचरेकर मास्तर, अण्णा पावशे, बाबा बर्वे, सगळे एकाच जिन्यावर. एकीकडे समुद्र, दुसरीकडे गॅलरी. कुठलंही पान उघडलं तरी आपण कोणत्या पुस्तकात आहोत ते दोन ओळींत कळतं. याउलट ‘बनगरवाडी’बरोबर शंकर पाटलांच्या विनोदी ग्रामीण कथा नेल्यात, तर दोन्ही उत्तम असूनही जोडी फसेल. मूड वेगळे, पण माती, बोली आणि पार तोच. गाडीच्या हेलकाव्यात दुसऱ्या दिवशी या गावातला माणूस त्या गावात जाऊन बसतो.

आता कोणतं केव्हा वाचायचं. गाडी पुण्याहून संध्याकाळी सुटते. पहिले दोन-तीन तास वाचनाच्या दृष्टीने फुकट समजा. सामान सीटखाली ढकलणं, ‘तुमचा लोअर आहे का?’, टीसी, चहा, डबे उघडणं. अशा वेळी ‘चाळ’च हवी, कारण तिचं प्रत्येक प्रकरण आपल्या पायावर उभं आहे. मी ‘भ्रमणमंडळ’पासून सुरुवात केली. चाळकऱ्यांच्या सहलीची तयारी वाचताना समोरच्या बर्थवरचं कुटुंब पिशव्या मोजत होतं, त्यामुळे पुस्तक कुठे संपतं आणि डबा कुठे सुरू होतो तेच कळेना.

अहिल्यानगरला एक जवान चढला. सुट्टी संपवून युनिटला परत निघालेला. मला एकटीला हसताना बघून थोड्या वेळाने म्हणाला, “ताई, एवढं काय हाय त्यात? जरा आम्हालाबी वाचून दावा की.” मग ‘उपास’ मोठ्याने वाचलं. वजन कमी करण्याचा संकल्प आणि प्रत्येक शेजाऱ्याचा वेगळा सल्ला. समोरच्या काकूंनी आमच्याकडे सरकवलेला पुरणपोळीचा डबा नेमका तेव्हाच उघडा होता. विनोदी पुस्तकाचा हा फायदा हिशेबात धरा: डब्यात ते वाटून खाता येतं. गंभीर पुस्तक मोठ्याने वाचायला गेलात तर लोक वरच्या बर्थवर निघून जातील.

रात्री दहा वाजता मधला बर्थ उघडतो, डब्यातले दिवे मालवतात आणि बसून वाचणं संपतं. बर्थच्या छोट्या दिव्यावर पडून वाचता येतं, पण तेव्हाही मी ‘रणांगण’ उघडलं नाही. अंधारात, अनोळखी माणसांमध्ये, पाय पसरायला जागा नसताना ते पुस्तक अंगावर येतं आणि मग मनमाड, भुसावळ सगळी स्टेशनं जागेपणी मोजावी लागतात.

त्याची खरी जागा दुसऱ्या दिवशीची सकाळ. इटारसी सोडल्यावर नर्मदेचा पूल आणि पुढे बुधनीचा घाट लागतो. जंगल, बोगदे. तेवढा वेळ पुस्तक मिटून खिडकीत बसा. भोपाळला चहा-पोहे घ्या आणि गाडी सुटली की ‘रणांगण’ उघडा. पुढे झाशीपर्यंत बराचसा सपाट प्रदेश आहे, डब्यातली निम्मी मंडळी पुन्हा आडवी झालेली असतात, उजेड चांगला असतो. कादंबरी छोटी आहे. ताशी तीस-पस्तीस पानं या सावकाश गतीनेही ती एका बैठकीत होते, आणि ती एका बैठकीतच वाचावी. बोटीवरच्या माणसांकडे दिवस मोजकेच असतात, मुंबई जवळ येत असते. आपणही हलत्या डब्यात आहोत आणि उतरायचं स्टेशन ठरलेलं आहे, यामुळे ते घड्याळ जास्तच ऐकू येतं. शेवट इथे सांगत नाही.

ती संपल्यावर लगेच ‘चाळ’ हातात घेऊ नका. हा माझा सगळ्यात ठाम सल्ला आहे. ‘रणांगण’ची नायिका हर्टा हिच्या पाठोपाठ त्रिलोकेकर आले तर दोघांवरही अन्याय होतो. विनोद उथळ वाटायला लागतो आणि दुःख उगाच ताणल्यासारखं. मध्ये तास-दोन तास काहीच वाचायचं नाही. मला ग्वाल्हेरनंतर चंबळच्या घळी मिळाल्या. मुरैना आणि धौलपूरच्या मधे पूल येतो, त्याच्या दोन्ही बाजूंना माती चिरत गेलेली दिसते. आग्र्यानंतर काकूंशी पोरांच्या शिक्षणावर गप्पा झाल्या, आणि मग ‘राघूनानांची कन्येस पत्रे’ पुन्हा पूर्वीसारखी चढली.

‘चाळी’तलं एक प्रकरण मात्र वेगळं ठेवा. शेवटचं ‘चिंतन’ विनोदी नाही. चाळीकडे मागे वळून बघणारा, हळवा मजकूर आहे तो. हसवणारं पुस्तक म्हणून ते दिल्लीनंतरच्या रात्रीसाठी राखून ठेवलंत, तर त्याच दिवशी दोनदा गलबलून येईल. मी ते तिसऱ्या दिवशी पठाणकोटच्या पुढे, डोंगर दिसू लागल्यावर वाचलं. विनोदी पुस्तक निवडताना त्याची शेवटची पाच पानं आधी चाळायची ती यासाठीच. मराठी विनोदकारांना शेवटी डोळे पुसायची फार हौस.

पुस्तक केव्हा बदलायचं? कंटाळा आला की, असं उत्तर पटकन सुचतं, पण तोवर उशीर झालेला असतो. तोच परिच्छेद तिसऱ्यांदा वाचतोय असं जाणवलं की समजा. त्या वेळी प्रकरण संपवून ठेवा. मध्येच सोडलं तर परत येताना दहा पानं मागून सुरुवात करावी लागते.

दोन्ही पुस्तकं छापील नेली. फोनवर वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की बऱ्याच गाड्यांत रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंगचे पॉइंट बंद असतात. खिडकीतल्या उन्हात स्क्रीन दिसत नाही, ते वेगळंच.

विमानात हाच क्रम चालणार नाही. मुंबई–लंडनसारख्या नऊ-दहा तासांच्या प्रवासात बाहेर बघायला नर्मदा नसते, आणि जेवणाचे ट्रे उचलले की दिवे मंद करतात. तिथे गंभीर पुस्तक सुरुवातीलाच, डोकं ताजं असताना. हलकं पुस्तक अर्धवट झोपेच्या शेवटच्या तासांसाठी. त्यासाठी ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ चांगलं, कुठूनही उघडा. आणि त्याच्यासोबत ‘बनगरवाडी’. माणदेशातलं ते मोकळं माळरान बंद केबिनमध्ये बसून वाचायला मजा येते, शिवाय हाताला वजन नाही.

जवानही जम्मूलाच उतरला. ‘चाळ’ त्याने मागितली, मी दिली. ‘रणांगण’ही बघितलं होतं, मागचं पान वाचून परत ठेवलं. “हे नगं ताई, आमच्याकडं हाय तेवढं बास हाय.”