मावशीच्या मांड्यांचा पॉडकास्ट टीव्हीवर आणताना

अखाजी म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया, तिच्यावरचा आमच्या पॉडकास्टचा एपिसोड मी अमळनेरला मावशीच्या घरी बसून रेकॉर्ड केला होता, ३१ मिनिटं ४० सेकंदांचा. मावशी अहिराणीत बोलते, मी मधे मधे विचारतो. माहेरी येणं, झोके, गाणी आणि मग मांडे, म्हणजे मातीच्या खापरावर भाजलेल्या मोठ्या पुरणपोळ्या. एपिसोड झाला तेव्हा मी जळगावहून लिंक पाठवली तर मावशी म्हणाली, हे कुठं उघडायचं, माझ्या टीव्हीवर यूट्यूब चालतं तेवढं मला येतं. तिच्या गल्लीतल्या बाया पण तसंच ऐकणार, म्हणजे एकत्र बसून टीव्हीवर. मग ठरवलं की याचा व्हिडिओ करायचा, कॅमेऱ्याचं शूटिंग तर नव्हतंच, फक्त आवाज होता.

पहिला प्रयत्न एकदम साधा केला, एक फोटो आणि खाली पूर्ण आवाज, ffmpeg या कमांड देऊन चालवायच्या सॉफ्टवेअरनं जोडला आणि पेनड्राइव्हवर घालून मावशीच्या टीव्हीला लावला. आवाज आला, चित्र नाही. लॅपटॉपवर मात्र तीच फाइल मस्त दिसत होती, म्हणून सापडायला वेळ लागला. कारण असं की पीएनजी चित्रापासून थेट व्हिडिओ केला की तो रंगांच्या yuv444p नावाच्या प्रकारात बनतो आणि बरेच टीव्ही, मोबाइल तो प्रकार उघडत नाहीत. कमांडमधे `-pix_fmt yuv420p` एवढं घातलं की काम झालं. पण चित्र दिसायला लागल्यावर दुसरी गोष्ट कळली, की एकच फोटो अर्धा तास कुणी बघत नाही, आणि बाजूच्या काकू विचारत होत्या की आता कोण बोलतंय, कारण टीव्हीच्या स्पीकरवर माझा आणि मावशीचा आवाज त्यांना पटकन वेगळा कळत नव्हता.

तिथून मला वेव्हफॉर्मचा खरा उपयोग समजला. आवाजाबरोबर हलणारी ती रेघ नुसती शोभेची ठेवायची नाही, कोण बोलतंय ते तिनं दाखवायला पाहिजे. आम्हा दोघांना कॉलर माइक होते आणि दोन ट्रॅक वेगळे होते, म्हणून मावशीची रेघ केशरी आणि माझी पांढरी करायची ठरवली. ffmpeg मधे showwaves नावाचा फिल्टर आहे, तो आवाजाच्या फाइलपासून हलती रेघ बनवतो आणि मागची जागा पारदर्शक ठेवतो, म्हणजे कोणत्याही चित्रावर ती ठेवता येते. त्यात scale=sqrt दिलं कारण साधं ठेवलं तर हळू बोलताना रेघ जवळपास सपाट पडते, आणि मावशी गाण्याच्या ओळी सांगताना अगदी हळू बोलते.

पण झालं काय, की मावशी बोलत असताना माझी पांढरी रेघ पण नाचत होती! आम्ही एकाच खोलीत चार फुटांवर बसलो होतो, तिचा आवाज माझ्या माइकमधे पण जातच होता. ऐकताना तो लक्षात येत नाही, पण sqrt बारीक आवाजाला मोठा करून दाखवतं, त्यामुळे मघाशी जो फायदा वाटत होता त्यानंच हा घोळ वाढवला. छताच्या पंख्याची घरघर पण त्यात आली, कोणी बोलत नसताना सुद्धा दोन्ही रेघा थरथरत होत्या.

इथं मी दोन रात्री आवाजच साफ करत बसलो आणि आवाज खराब करून घेतला, मावशीचा श्वास कापला गेला, शब्द तुटके वाटायला लागले. नंतर डोक्यात आलं की रेघ ज्या आवाजापासून बनते तो आवाज लोकांना ऐकवायचाच नाहीये. ऐकायचं मिक्स वेगळं, रेघेसाठीची कॉपी वेगळी. रेघेच्या कॉपीवर कितीही कडक गेट लावा, कुणाच्या कानावर ती येणारच नाही. मग ही कमांड कायम झाली:

```
ffmpeg -i mavshi.wav -filter_complex \
"[0:a]highpass=f=120,agate=threshold=0.04:ratio=9:range=0,\
showwaves=s=1280x160:mode=cline:rate=25:scale=sqrt:colors=orange[v]" \
-map "[v]" -c:v qtrle mavshi.mov
```

highpass पंख्याची खालची घरघर काढतो. agate म्हणजे दरवाजा, ठरावीक पातळीच्या खालचा आवाज तो दाबून टाकतो. ०.०४ हा आकडा आमच्या त्या खोलीचा आहे, तुमच्या खोलीत तोच चालेल असं नाही. ओळखायचं असं: दोन्ही रेघा एकदम हलत असतील तर आकडा कमी पडतोय, आणि बोलणारा बोलायला लागला तरी रेघ उशिरा उठत असेल किंवा शब्दाच्या शेवटाला आधीच मरत असेल तर जास्त झालाय. मी एक मिनिटाचा तुकडा काढून, ज्यात आम्ही दोघं पटापट बोलतो, त्याच्यावरच आकडे बदलून बघितले, पूर्ण फाइलवर नाही, नाहीतर वेळ फार जातो. आणि शेवटी qtrle ठेवायचं कारण म्हणजे त्यात पारदर्शकपणा टिकतो, नेहमीच्या एमपी४ मधे केलं की मागं काळा पट्टा येतो. फाइल मोठी होते, ते चालवून घेतलं.

आता चित्रं. माझी भाची चांगलं काढते, कागदावर काळ्या शाईनं. सुरुवातीला मी हिशेब केला की दर अर्ध्या मिनिटाला एक चित्र, म्हणजे त्रेसष्ट-चौसष्ट चित्रं, ते शक्यच नव्हतं आणि नंतर कळलं की गरज पण नव्हती. मावशी माहेरच्या आठवणी सांगते तिथं एकच अंगणाचं चित्र चार मिनिटं राहिलं तरी कुणी कंटाळलं नाही, कारण गोष्ट कानानं समजते. पण मांड्याचं तसं नाही. ज्यानं कधी पाहिलं नाही त्याला उलट्या खापरावर हातभर मांडा कसा पडतो ते ऐकून डोळ्यासमोर येत नाही. म्हणून एकूण अकरा चित्रं ठेवली आणि त्यातली पाच फक्त तिथल्या तीन मिनिटांत: कणकेचा उंडा, त्यात पुरण, दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत मोठा होत जाणारा मांडा, खापरावर टाकलेला, आणि भाजल्यावरची घडी.

कच्ची चित्रं मावशीला आधी दाखवली ते फार बरं झालं. भाचीनं खापर तव्यासारखं, खोलगट बाजू वर करून काढलं होतं. मावशी लगेच म्हणाली, अगं खापर पालथं ठेवतात, वरून गोल, म्हणून तर मांडा सगळीकडून बसतो. ते चित्र परत काढलं. मोबाइलनं फोटो काढले तर कागदावर हाताची सावली येत होती, म्हणून झेरॉक्सवाल्याकडे ३०० डीपीआयला स्कॅन करून घेतली, म्हणजे झूम केलं तरी फुटत नाहीत. झूम पण मी फक्त मांड्याच्या चित्रांना ठेवला, अगदी हळू. खाली रेघ हलतेच आहे, वर चित्र पण सारखं हललं की डोळे दमतात, मावशीला तर गरगरायला झालं पहिल्या वेळी.

चित्र कुठं बदलायचं याला मी ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरचे लेबल वापरले. आवाज ऐकत जायचा आणि जागा आली की Ctrl+M दाबून नाव टाकायचं, शेवटी लेबल एक्सपोर्ट केले की साधी टेक्स्ट फाइल मिळते, त्यात सेकंद लिहिलेले असतात:

```
762.480000	762.480000	उंडा
```

म्हणजे १२ मिनिटं ४२ सेकंद आणि थोडं पुढं. मी आधी नेमक्या शब्दावर चित्र बदलत होतो, पण डोळा नवीन चित्राकडे गेला की तो शब्दच ऐकायचा राहतो. आता वाक्याच्या आधी मावशी जिथं श्वास घेते तिथं लेबल टाकतो.

चॅप्टर कार्डमधे सगळ्यात जास्त मागं-पुढं झालं. पाच भाग, प्रत्येकाआधी चार सेकंदांचं नावाचं कार्ड. मी ते एडिटरमधे मधे घुसवले, तर पुढची सगळी चित्रं आणि दोन्ही रेघा चार-चार सेकंदांनी सरकल्या, तिसऱ्या कार्डानंतर मावशी गाणं म्हणतेय आणि वर पुरणाचं चित्र. म्हणून कार्डाची जागा आधी आवाजातच करायची. मिक्स आणि दोन्ही ट्रॅक, तिन्हीकडे एकाच ठिकाणी चार सेकंद घालायचे, आणि लेबल त्यानंतरच टाकायचे. त्या चार सेकंदांत एकदम शांतता ठेवली तर टीव्ही बंद पडला असं वाटतं, तसं खरंच झालं, काकू रिमोट शोधायला लागल्या. तिथं मी खोलीचा नुसता आवाज घातला, पंखा, लांबून चिमण्या. रेकॉर्डिंग संपल्यावर एक मिनिट कुणी न बोलता माइक चालू ठेवला होता, तो इथं कामाला आला.

कार्डावरची अक्षरं मी पहिल्यांदा ffmpeg च्या drawtext ने टाकली होती. माझ्याकडच्या जुन्या आवृत्तीत देवनागरी फुटत होती, 'भिजवण' मधली वेलांटी भ च्या पुढं जाऊन बसली आणि जोडाक्षरांचे पाय मोडले. फॉन्ट बदलून काही फरक पडला नाही, कारण अडचण फॉन्टची नव्हती, अक्षरं जुळवण्याची होती. कार्डं इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमधे लिहून पीएनजी काढली, मग सगळं नीट आलं. चित्रं, कार्डं आणि दोन्ही रेघा केडेनलाइव्ह या व्हिडिओ एडिटरमधे वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवल्या आणि तिथूनच रेंडर केलं.

अपलोड करताना यूट्यूबच्या खालच्या पट्टीवर चॅप्टर दिसत नव्हते. मी यादी ०:०७ पासून सुरू केली होती, कारण आधी सात सेकंद आमचं नाव येतं. पहिली वेळ 0:00 च लागते, कमीत कमी तीन चॅप्टर लागतात आणि प्रत्येक निदान दहा सेकंदांचा. डिस्क्रिप्शनमधे असं लिहिल्यावर आले:

```
0:00 अखाजीचं माहेर
6:18 गहू भिजवणं ते पुरण
12:10 खापरावर
19:45 झोक्यावरची गाणी
26:30 निरोप
```

मागच्या रविवारी अमळनेरला गेलो तेव्हा मावशीकडे पाच-सहा बाया बसून बघत होत्या. केशरी रेघ उठली तसं मावशीनं विचारलं, "हाऊ मना आवाज शे का?" हो म्हणलं. मग पुढं पांढरी रेघ आली की काकू आपोआप माझ्याकडे वळून बघायच्या. खापराचं चित्र आलं तिथं मावशीनं थांबवायला लावलं आणि उठून टीव्हीजवळ जाऊन बोटानं दाखवलं की चुलीचा जाळ इतका वर नको, मांडा करपतो, आच मंद पाहिजे. ते चित्र भाचीकडे परत दिलंय.