सप्लिमेंटच्या जाहिरातीतून 'रामबाण' काढताना डोक्याला झालेला ताप (माझा अनुभव)

मी कॉपी लिहितो आणि सप्लिमेंटवाल्यांची कामं शक्यतो टाळतो, पण हे एक आलं. मॅग्नेशियम ग्लायसिनेटच्या कॅप्सूल, युरोपात विकायच्या, पेज तयारच होतं, फक्त "जरा कम्प्लायंट करून द्या" म्हणाले. जरा! वरचा मजकूर असा होता: "जगातलं सर्वात शुद्ध मॅग्नेशियम. निद्रानाश कायमचा घालवा. डॉक्टरांची पसंती. 1500 मिग्रॅ पॉवर. साइड इफेक्ट शून्य."

यातलं बरंचसं पहिल्याच बैठकीत उडालं. निद्रानाश हा आजार आहे, आणि खाद्यपदार्थ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूने आजार बरा होतो असं तिथे म्हणताच येत नाही. एखाद्या डॉक्टरच्या शिफारशीचा आधार घेऊन आरोग्याचा दावा करायलाही 2006 च्या युरोपियन नियमात बंदी आहे. "साइड इफेक्ट शून्य" तर सरळ चूक, मॅग्नेशियम जास्त झालं की जुलाब होतात हे सगळ्यांना माहिती आहे, आणि किडनीचा त्रास असलेल्यांना ते विचारल्याशिवाय देतही नाहीत.

"सर्वात शुद्ध" वर मात्र मालक अडून बसले. त्यांचं म्हणणं, सगळेच लिहितात. मी म्हटलं सर, "सर्वात भारी" म्हणालात तर लोक कौतुक समजून सोडून देतील, पण शुद्धता मोजता येते, आणि मोजता येणारी गोष्ट सर्वात जास्त आहे म्हटलं की बाजारातल्या बाकी सगळ्यांशी तुलना करून दाखवावी लागते, ती तुमच्याकडे आहे का? नव्हती. पण प्रत्येक बॅचचा बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट होता, शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, पारा सगळं तपासलेलं, आणि तो फोल्डरमध्ये नुसता पडून होता! मग लिहिलं, "डबीवरचा बॅच नंबर टाका, तुमच्याच बॅचचा जड धातूंचा रिपोर्ट बघा." मला विचाराल तर हे "सर्वात शुद्ध" पेक्षा कितीतरी जास्त विकतं, कारण वाचणारा स्वतः तपासू शकतो.

तेच 1500 चं. ग्लायसिनेट या क्षारात प्रत्यक्ष मॅग्नेशियम साधारण 14 टक्केच असतं, बाकी ग्लायसीन. म्हणजे तीन कॅप्सूलचे 1500 मिग्रॅ म्हणजे जेमतेम 210 मिग्रॅ मॅग्नेशियम. मालकांना 210 आकडा लहान वाटत होता. पण युरोपातल्या लेबलसाठी रोजचं संदर्भ प्रमाण 375 आहे, त्याच्या 56 टक्के होतात, आणि तिथे सप्लिमेंटमधून रोज 250 च्या वर जाऊ नये असं मानतात, मग 210 तर मस्तच बसतो. "1500 पैकी मॅग्नेशियम किती? 210. आम्ही तोच आकडा मोठा छापतो." ही ओळ मला अजूनही आवडते.

इथपर्यंत मजा आली. मग अडकलो.

त्यांनी बाहेरचा रिव्ह्यू करणारा नेमला होता. पेज पाठवलं की दोन-चार दिवसांनी एकच ओळ परत यायची, "अजूनही आजाराचा दावा होतो आहे." कुठे? काही नाही. फोन केला की "एकूण छाप बघा." मी प्रत्येक वाक्य चाळलं, "झोप" हा शब्दच कुठे नाही. मालक म्हणाले "झोप लागायला मदत होऊ शकते" असं मऊ करून टाका, तर तेही चालत नाही, कारण "होऊ शकते" लावल्याने दावा नाहीसा होत नाही, फक्त लाजरा होतो. आणि युरोपात मंजूर दाव्यांची यादीच आहे, त्यात झोप लवकर लागण्याचा दावा मेलाटोनिनला आहे, मॅग्नेशियमला नाही. मॅग्नेशियमला थकवा कमी व्हायला हातभार, स्नायूंचं नीट काम, असे काही आहेत. तेही कॅप्सूलच्या नावावर नाही, मॅग्नेशियमच्या नावावर लिहायचे. "आमची कॅप्सूल थकवा घालवते" नाही, "मॅग्नेशियम थकवा कमी होण्यास हातभार लावतं" असं.

परत पाठवलं, परत तीच ओळ. खरंच चिडलो, अरे बाबा एक स्क्रीनशॉट टाकून लाल गोल करायला काय जातं?

शेवटी एका रात्री शब्द वाचणं सोडलं आणि पेज गिऱ्हाइकासारखं नुसतं बघितलं. वर मोठा चंद्र. त्याच्याखाली शांत झोपलेली बाई. बाजूला गोळ्यांचं पाकीट, त्यावर लाल फुली. खाली "रात्री तीन कॅप्सूल." आणि त्याखाली पाच स्टारचा रिव्ह्यू: "माझ्या झोपेच्या गोळ्या सुटल्या." पेजचा पत्ता बघितला तर `/magnesium-for-insomnia`, आणि चंद्राच्या फोटोच्या alt मध्ये, म्हणजे फोटोमागच्या न दिसणाऱ्या वर्णनात, कोणीतरी `insomnia cure` भरून ठेवलेलं. माझ्या मजकुरात आजार नव्हता, पेजवर पसरलेला होता.

रिव्ह्यूवरून मालकांशी खरं भांडण झालं. "अहो तो खरा माणूस आहे, खरं लिहिलंय त्याने!" असेल ना. पण त्याने तसं लिहिलं हे खरं असणं वेगळं आणि कॅप्सूलमुळे गोळ्या सुटतात हे खरं असणं वेगळं. जाहिरातीत छापलं की तो दावा तुमचा, पुरावाही तुम्हीच द्यायचा. वर कोणी ते वाचून चालू औषध स्वतःच्या मनाने बंद केलं तर? हे बोलल्यावर मात्र ते गप्प झाले. मग मी उरलेले रिव्ह्यू वाचले. "पोटाला अजिबात त्रास नाही" हाही गोड दिसतो पण आरोग्याचाच दावा, तो पण बाजूला. ठेवले ते असे: कॅप्सूल गिळायला सोपी, डबीचं झाकण नीट बसतं, रिपोर्ट खरंच उघडतो.

चंद्र गेला, बाई गेली, फुली गेली, पत्ता बदलला, "रात्री" चं "जेवणानंतर" केलं. आणि "साइड इफेक्ट शून्य" च्या जागी: "किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. थायरॉइडची गोळी किंवा काही अँटिबायोटिक चालू असतील तर दोन्हींत किती तासांचं अंतर ठेवायचं तेही विचारून घ्या." मालकांना भीती होती की इशारा वाचून लोक पळतील. मला उलट वाटतं, ज्या पेजवर इशारा आहे त्या पेजवरच्या 210 वर माझा तरी जास्त विश्वास बसतो.

यावेळी उत्तर आलं, "ठीक आहे." तेवढंच. आभार नाही, काही नाही, पण मी खुर्चीतून उठून नाचलो.

अरे हो, हे आधी सांगायला हवं होतं, असलं काम घेतलं की लॅब रिपोर्ट आणि लेबलचा फोटो पहिल्याच दिवशी मागा, मला ते इतके उशिरा मिळाले की अर्धी कॉपी परत लिहावी लागली. आणि कमिशनवर विकणाऱ्यांची यादीपण मागा. पेज पास झाल्यावर कळलं की त्यातले दोघंतिघं अजून "निद्रानाशावर रामबाण" असे जुनेच बॅनर फिरवतायत आणि लिंक आपल्या नव्या पेजचीच आहे. ते बॅनर उतरवायचं काम सध्या चालू आहे, त्यातला एक जण फोनच उचलत नाही.