चार टक्के आणि पाऊणकी

रविवार, रात्री साडेदहा

दुपारभर उन्हानं घर नुसतं तापलं होतं. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारलं आणि भाचीला घेऊन तिथंच गणिताला बसले. सातवीत आहे. शेकडेवारीचं नाव काढलं की तिचा चेहरा उतरतो. वहीत तिला अडलेलं गणित होतं : 75 टॉवेलांच्या गठ्ठ्यात 4 टक्के टॉवेल सेकंड, म्हणजे खराब निघाले, तर किती? गणित सोलापूरचंच, आणि मी चाटी गल्लीत कापडाच्या दुकानात बिलं करते, त्यामुळे मला ते जवळचं वाटलं.

ती अडकली होती ती जागा मला आज पहिल्यांदा नीट दिसली. ती म्हणाली, “मावशी, शंभराला चार हे कळतं. पण इथं शंभर टॉवेल नाहीतच ना.” बरोबर आहे तिचं. शेकडा चार म्हटलं की डोळ्यांसमोर शंभर येतात, आणि हातात असतात पंचाहत्तर. मग ती 75 गुणिले 4, भागिले 100 असं मांडून हातचे घेत बसते आणि मध्येच कुठंतरी शून्य चुकतं.

मी म्हटलं, उलटं करून बघ. 75 चे 4 टक्के काढण्याऐवजी 4 चे 75 टक्के काढ. 75 टक्के म्हणजे पाऊण. चाराचे पाऊण किती? ती लगेच म्हणाली, तीन. मग थांबली, आणि ज्या प्रश्नासाठी मी आज ही रोजनिशी उघडली तो प्रश्न तिनं विचारला : “पण मावशी, चार टॉवेल आले कुठून?”

मला चटकन उत्तर देता आलं नाही. दुकानात मी हे रोज करते, पण का जमतं हे कुणाला सांगायची वेळच आली नव्हती. खरंच, चार टॉवेल कुठंच नाहीत. चार हा आकडा होता तो दर शंभरामागचा.

शेवटी तिची चौकटीची वही घेतली. एक टॉवेल म्हणजे एक ओळ, आणि 4 टक्के म्हणजे प्रत्येक टॉवेलाच्या नावावर शंभरातले 4 भाग, म्हणून ओळीत 4 चौकटी रंगवायच्या. शंभर चौकटी झाल्या की एक अख्खा टॉवेल. एका पानावर 25 ओळी घेतल्या. 25 ओळी, प्रत्येकी 4, बरोबर शंभर चौकटी. तशी तीन पानं म्हणजे 75 ओळी, 300 चौकटी, तीन टॉवेल. रंगवता रंगवता दुसऱ्या पानावरच ती म्हणाली, “म्हणजे दर पंचवीस टॉवेलांत एक खराब.” हे मी सांगितलं नव्हतं, तिचं तिलाच दिसलं.

मग ती तीन पानं सुटी करून मी एकाखाली एक लावली आणि तिला बाजूला येऊन बसायला सांगितलं. आता त्या 75 आखूड ओळी राहिल्या नाहीत. चार लांब पट्ट्या दिसत होत्या, प्रत्येकीत 75 चौकटी. शंभरातल्या 75 म्हणजे एकेक पट्टी पाऊण टॉवेलाची. चार पाऊण, तीन. चौकटी त्याच, एकही कमीजास्त नाही. आपण फक्त कुठल्या बाजूनं मोजतो ते बदललं. चार टॉवेल आलेच नव्हते, चार पट्ट्या आल्या होत्या. ती बराच वेळ या बाजूनं, त्या बाजूनं बघत राहिली.

भाकरी थापता थापता आईचा कान इकडेच होता. आतूनच ती म्हणायला लागली, “एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन.” तिच्या लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचेही पाढे पाठ करून घेत. भाचीनं तोंडात बोट घातलं. औट म्हणजे साडेतीन, हे तिला माहीतच नव्हतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की दुकानात आकड्यांची अदलाबदल केव्हा करायची हे मी कशावरून ठरवते. ज्या रकमेला आपल्या भाषेत स्वतःचं नाव आहे, तिथं ती उपयोगी पडते. 25 म्हणजे पाव, 50 म्हणजे निम्मे, 75 म्हणजे पाऊण, 125 म्हणजे सव्वा, 150 म्हणजे दीड, 250 म्हणजे अडीच, 350 म्हणजे औट. मागच्या आठवड्यात वीज गेली, कॉम्प्युटर बंद, आणि गिऱ्हाईक 250 ची चादर हातात घेऊन उभं. सूट 16 टक्के. 250 चे 16 टक्के म्हणजे 16 चे 250 टक्के, सोळा अडीच चाळीस. तसंच 350 वर 12 टक्के असते तर बारा औट बेचाळीस.

जिथं नाव नाही तिथं उलटून काही मिळत नाही. 43 चे 37 टक्के उलटले तर 37 चे 43 टक्के, दोन्ही तितकेच अवघड; तिथं सरळ गुणाकार करावा. आणि 480 चे 25 टक्के आधीच सोपे आहेत, ते मुळीच उलटू नयेत. किंचित बाजूला असलेला आकडा मात्र सांभाळून घेता येतो. 76 चे 4 टक्के हवे असतील तर 75 चे तीन आणि उरलेल्या एकाचे चार शतांश, 3.04.

जेवणं झाल्यावर भाचीनं आपणहून पुढचं गणित घेतलं आणि तिथं चुकली. ती चूक लिहून ठेवते, कारण ही युक्ती शिकवली की ती होणारच. गणित होतं : 75 रुपयांच्या टॉवेलावर 4 टक्के सूट, तर किती द्यायचे? तिनं सगळंच उलटवलं. 4 रुपयांवर 75 टक्के सूट, उरला 1 रुपया. पंचाहत्तराचा टॉवेल एक रुपयाला! आकडा बघून ती स्वतःच थबकली, हे मला फार आवडलं. सूट दोन्हीकडे 3 रुपयेच येते. पण ती वजा करायची 75 मधून, म्हणजे 72. उलटायचं ते फक्त ‘चे टक्के’ एवढंच. ते काढून झालं की मूळ रकमेकडे परत यायचं.

“75 पैकी 4 म्हणजे किती टक्के?” हेही उलटत नाही, हे तिला करूनच दाखवलं. 75 पैकी 4 म्हणजे साधारण सव्वापाच टक्के, आणि 4 ला 75 म्हणजे 1875 टक्के. इथं भागाकार आहे, आणि भागाकारात कोण वर, कोण खाली याला महत्त्व आहे. चौकटी फिरवून दाखवल्या तो गुणाकार होता.

ती रंगवलेली तीन पानं तिनं पुन्हा वहीत खोचली आहेत. आई उद्यापासून तिला औटकी शिकवणार आहे. मलाही आठापुढची आठवत नाही, मीही बसेन म्हणते.